भेटवस्तूचा आकडा दुकानात जाण्याआधी कसा ठरवावा

भेटवस्तूवर किती खर्च करायचा हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या जागी आपल्यासमोर येऊन उभा राहतो. आपण दुकानात असतो, किंवा रात्री उशिरा मोबाइलवर वस्तू चाळत असतो, आणि समारंभ परवावर आलेला असतो. त्या वेळी डोळ्यांपुढे समोरच्या माणसाचा चेहरा असतो, त्याने मागे आपल्याला काय दिलं होतं ते असतं, बाकीचे काय देतील याचा अंदाज असतो. या वर्षी आपल्याला एकूण किती देणं झेपणार आहे, एवढीच गोष्ट तिथे नसते. मग आकडा फुगतो आणि घरी आल्यावर जास्त गेले म्हणून टोचतं. किंवा पैसे आठवून आपण हात आखडता घेतो, आणि मग कमी दिलं म्हणून टोचतं.

ही टोचणी मन घट्ट करून जात नाही, असा माझा अनुभव आहे. आकडा आधीच, निवांत बसून, सगळं वर्ष समोर धरून ठरलेला असेल तर मात्र ती बरीच निवते. मग प्रत्येक वाढदिवसाला आपलं प्रेम किती, हे पाकिटातून नव्याने सिद्ध करावं लागत नाही. हे कसं करायचं ते मी माझ्या एका मैत्रिणीच्या वर्षभराच्या हिशेबावरून सांगते. ती शिक्षिका आहे, आणि तिची हरकत नाही म्हणून हे लिहिते आहे. तिचा खरा पगार सांगायची गरज नाही. दर महिन्याला तिच्या हातात जे पडतं त्याचे मी १०० भाग धरले आहेत. तुमची कमाई कमी असो की जास्त, तिचेही असेच १०० भाग धरलेत तर हा हिशेब तुम्हाला तसाच्या तसा लावून बघता येईल.

मागच्या वर्षाची यादी

सुरुवात पुढच्या वर्षापासून करू नका, मागच्यापासून करा. गेल्या बारा महिन्यांत कोणाला, कशासाठी, किती दिलं ते आठवून लिहा. बँकेचं विवरण आणि मोबाइलवरच्या देवघेवींची नोंद समोर ठेवा, कारण स्मरणशक्ती इथे हमखास फसवते. मोठ्या भेटी लक्षात राहतात. ऑफिसातल्या वर्गणीत दिलेले, ऐन वेळी वाटेत थांबून घेतलेले, "जाऊ दे, रिकाम्या हाताने कसं जायचं" म्हणून खर्चलेले पैसे लक्षात राहत नाहीत.

मैत्रिणीला विचारलं तेव्हा तिचा अंदाज होता की वर्षात साधारण २० भाग गेले असतील. लिहून काढल्यावर बेरीज ५१ निघाली. म्हणजे वर्षातल्या बारा पगारांपैकी अर्धा पगार. पण तिला जास्त लागलं ते वेगळंच. त्या ५१ पैकी १९ भाग शाळेतले सहकारी, शेजारी आणि ओळखीपाळखीच्या लोकांवर गेले होते, आणि आई-वडील दोघांना मिळून वर्षभरात ३. आई-वडील काही म्हणत नाहीत, म्हणून तिथे ती निर्धास्त होती. जिथे भीड होती तिथे पैसा गेला होता.

यादी लिहिताना प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा: ही भेट द्यावीशी वाटली म्हणून दिली, की नाही म्हणता आलं नाही म्हणून दिली? लाजायचं काही नाही, ती यादी कोणी बघणार नाही. पुढच्या वर्षी काय कमी करता येईल, हे त्या खुणाच सांगतात.

वर्षाचा डबा

आता स्वतःच्या पैशाकडे. इथे एकूण कमाईच्या टक्केवारीने सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. सारखाच पगार असलेल्या दोघांपैकी एकावर घराचा हप्ता आणि आजारी वडील असतात, दुसऱ्यावर काहीच नसतं. त्यांची देण्याची ऐपत सारखी कशी असेल? म्हणून आधी अटळ खर्च वजा करा, मग बचत वजा करा, आणि उरेल त्यातून भेटींचा वाटा काढा.

मैत्रिणीचे भाडं, किराणा, प्रवास, औषधं, कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे मिळून ८२ भाग होतात. १० भाग बचतीला जातात. उरले ८. यातूनच कपडे, बाहेर जाणं, पुस्तकं आणि भेटी भागवायच्या. वर्षाचे हे मोकळे पैसे ९६ भाग होतात, आणि गेल्या वर्षी त्यातले निम्म्याहून जास्त भेटींत गेले होते. साहजिकच बाकीची हौस बचतीतून आणि क्रेडिट कार्डावर झाली होती.

मोकळ्या पैशाचा एक चतुर्थांश भेटींसाठी ठेवावा, हे मी वर्षानुवर्षं वापरत आलेलं माप आहे. ज्यांना देण्यात खरोखर आनंद आहे आणि स्वतःसाठी फारसं लागत नाही, त्यांनी एक तृतीयांशापर्यंत जावं. त्यापलीकडे गेलं की तोच पैसा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून गुपचूप निघायला लागतो. मैत्रिणीने चतुर्थांश धरला: वर्षाला २४ भाग. हाच तिचा भेटींचा डबा. म्हणजे दर महिन्याला २ भाग वेगळ्या खात्यात. पगार झाल्या दिवशीच ते काढून ठेवायचे, महिना संपल्यावर नाही.

कमाई दर महिन्याला सारखी नसेल, तर गेल्या वर्षातल्या सर्वांत कमी कमाईच्या तीन महिन्यांची सरासरी काढा आणि ती १०० धरा. चांगल्या महिन्यावरून डबा ठरवला तर वाईट महिन्यात तो रिकामा सापडतो. आणि कार्डाची थकबाकी महिन्यामागून महिना पुढे ढकलली जात असेल, तर ती फिटेपर्यंत डबा अगदी जवळच्या माणसांपुरताच ठेवा. व्याजावर घेतलेली भेट घेताना दिसते त्यापेक्षा महाग पडते, आणि तिचे हप्ते फेडताना ज्याला ती दिली त्याच्याबद्दल मनात नकळत कडवटपणा येतो. हे मी स्वतः केलं आहे. एका जवळच्या नातेवाइकाच्या लग्नात कार्डावर मोठी भेट घेतली, आठ महिने फेडत बसले, आणि त्या आठ महिन्यांत त्याच्याशी मनमोकळं बोलता आलं नाही. त्याची काही चूक नव्हती. त्याला माहीतही नव्हतं.

नात्यांची तीन वर्तुळं

आता माणसं. नात्याच्या नावावरून वर्तुळ ठरवू नका. सख्खा काका दहा वर्षांत भेटलेला नसतो, आणि शेजारच्या बाईंनी आपलं मूल सांभाळलेलं असतं. मी स्वतःला एवढंच विचारते: रात्री दोन वाजता अडचण आली तर मी यांना फोन करेन का, किंवा ते मला करतील का? उत्तर हो असेल तर ते पहिल्या वर्तुळात. ज्यांना आपण आपणहून, मुद्दाम वेळ काढून भेटतो ते दुसऱ्यात. आणि काम, इमारत, वर्ग, मित्राचा मित्र अशा निमित्ताने ज्यांच्याशी गाठ पडते ते तिसऱ्यात. तिसऱ्यात टाकलं म्हणजे माणूस कमी लेखला असं नाही. त्यांच्याशी आपलं नातं वस्तूंवर चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

भेटीची किंमत नात्याच्या जवळिकीप्रमाणे असावी, ही अपेक्षा आपल्याच मनातली नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ थिओडोर कॅप्लो यांनी एका मध्यम आकाराच्या शहरातल्या कुटुंबांच्या भेटींचा अभ्यास १९८४ मध्ये मांडला. त्यांना दिसलं ते असं, की नियम कुठेही लिहिलेले नसताना आणि मोडणाऱ्याला कोणी शिक्षा करत नसताना लोक ते कसोशीने पाळत होते. जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी, आणि एकाच अंतरावरच्यांना साधारण सारखं. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. आई-वडील मुलांना जेवढं देतात तेवढं मुलांकडून परत यावं, अशी अपेक्षा तिथे नव्हती. पिढ्यांमधली देवघेव असमान असणं सगळ्यांना मान्य होतं. म्हणून सुस्थितीतल्या मावशीने दिलेल्या मोठ्या भेटीची त्याच किमतीत परतफेड करायची धडपड भाच्याने करू नये. तो तोल त्याच्या आयुष्यात पुढे, त्याच्याहून लहानांच्या बाजूने साधला जाईल.

वर्तुळं ठरली की त्यांच्यात ४ : २ : १ असं प्रमाण धरा. मैत्रिणीच्या पहिल्या वर्तुळात चार माणसं निघाली: आई, वडील, धाकटा भाऊ आणि एक जिवाची मैत्रीण. दुसऱ्यात सहा जण. तिसऱ्यात माणसं न मोजता तिने प्रसंग मोजले, कारण वर्षात कोणाचं काय निघेल ते सांगता येत नाही. मागच्या यादीवरून ८ धरले.

२४ भागांच्या डब्यातून आधी एक चतुर्थांश, म्हणजे ६ भाग, राखीव काढून ठेवले. ते कशासाठी ते पुढे येतंच. उरले १८. आता वाटे मोजा: पहिल्या वर्तुळाचे ४ × ४ म्हणजे १६, दुसऱ्याचे ६ × २ म्हणजे १२, तिसऱ्याचे ८ × १ म्हणजे ८. एकूण ३६ वाटे. १८ भागांना ३६ ने भागलं की एक वाटा अर्ध्या भागाचा होतो. म्हणजे पहिल्या वर्तुळातल्या प्रत्येकाला वर्षाला २ भाग, दुसऱ्यातल्याला १, आणि तिसऱ्यातल्या प्रसंगाला अर्धा.

हा आकडा तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती गप्प झाली. अर्धा भाग फारच थोडा वाटला. पण गेल्या वर्षी ती तिसऱ्या वर्तुळात एकेका प्रसंगाला दोन-अडीच भाग घालत होती आणि आईला दीड भागाची वस्तू देत होती. हिशेबात कंजूसपणा नव्हता, फक्त पैसा तिच्या मनातल्या क्रमाने लागला होता.

तुमचा वाटा अगदीच लहान निघाला, तर प्रत्येकाची भेट थोडी थोडी छाटू नका. त्याने सगळ्याच भेटी केविलवाण्या होतात. तिसऱ्या वर्तुळातले प्रसंग कमी करा: जिथे शुभेच्छेचं पत्र पुरतं तिथे पत्र, जिथे वर्गणी आहे तिथे फक्त वर्गणी.

प्रसंग लहान की मोठा

वर्तुळाचा आकडा हा दर वर्षी येणाऱ्या प्रसंगाचा आहे, म्हणजे मुख्यतः वाढदिवसाचा. पन्नाशी, निवृत्ती, मोठं यश अशा टप्प्यांना मी तो दीडपट ते दुप्पट करते. लग्न, पहिलं घर, पहिलं बाळ या प्रसंगांना तिप्पट. राखीव पैसा अशा मोठ्या प्रसंगांसाठीच आहे.

आजारपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू या वेळी जे द्यायचं ते भेट म्हणून मोजू नका. ती मदत आहे, तिला वर्तुळं लागत नाहीत, आणि तिसऱ्या वर्तुळातल्या माणसालाही कधी पहिल्यापेक्षा जास्त द्यावं लागतं. ते पैसे या डब्यातून काढलेत तर आईचा वाढदिवस आणि सहकाऱ्याचं ऑपरेशन एकमेकांशी झगडायला लागतात. ती तजवीज वेगळी असू द्या.

ऑफिसात वरिष्ठाला भेट द्यायची असेल तर एकट्याने देऊच नये, सगळ्यांनी मिळून लहानशी द्यावी. अनेक ठिकाणी याचे नियमही असतात, ते आधी विचारून घ्या.

लग्न आलं तेव्हा

मैत्रिणीच्या वर्षाच्या पाचव्या महिन्यात तिच्या जिवाच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. पहिलं वर्तुळ, २ भाग, तिप्पट: ६. म्हणजे सगळी राखीव रक्कम. हिशेब स्वच्छ होता. अडचण अशी आली, की कॉलेजातल्या पाच जणींनी मिळून एकच मोठी भेट द्यायची ठरवली आणि गटात एकीने लिहिलं की प्रत्येकीने १० भागांएवढे काढूया.

अशा वेळी गटातल्या संदेशाला उत्तर न देता दोन दिवस घालवणं, ही सगळ्यांत मोठी चूक. तोवर वस्तू ठरते, कोणी तरी आगाऊ रक्कम भरते, आणि मग आपला आकडा सांगणं म्हणजे ठरलेलं मोडणं होऊन बसतं. आकडा वस्तू ठरण्याच्या आधी सांगायचा. तिने त्याच संध्याकाळी लिहिलं: "माझ्याकडून सहापर्यंत होईल. त्यात बसणारं काही घेणार असाल तर मी तुमच्यात आहे. दहाचंच घ्यायचं असेल तर तुम्ही चौघी घ्या, मी माझं वेगळं देईन, मला वाईट वाटणार नाही."

या तीन वाक्यांत कारण दिलेलं नाही आणि माफी मागितलेली नाही. कारण दिलं की लोक प्रेमाने ते सोडवायला धावतात ("अगं, तुझे मी भरते, नंतर दे"), आणि मग उपकाराचं ओझं घेऊन आपण लग्नात वावरतो. माफी मागितली की समोरच्यांना वाटतं काही तरी चुकतंय. आणि शेवटचं वाक्य फार उपयोगी आहे, कारण ते बाकीच्यांना मोकळं करतं. झालं असं, की तासाभरात दुसरीने लिहिलं, "मलाही दहा जड होतं." शेवटी सगळ्यांनी सहा-सहा काढले. असं दर वेळी होईल असं नाही. चौघींनी दहाचंच घेतलं असतं, तर तिने सहा भागांत एकटीने दिलं असतं, आणि तेही तितकंच योग्य झालं असतं.

आठव्या महिन्यात मात्र हिशेब अडला. दुसऱ्या वर्तुळातल्या एका चुलतभावाचं लग्न निघालं: १ भाग, तिप्पट, म्हणजे ३. राखीव शून्य. तिने बचतीला हात लावला नाही. त्याच्या वाढदिवसाचा १ भाग अजून खर्च झाला नव्हता, तो लग्नात मिसळला. तिसऱ्या वर्तुळातल्या उरलेल्या प्रसंगांपैकी दोन ठिकाणी वस्तूऐवजी हाताने लिहिलेलं पत्र द्यायचं ठरवलं, त्यातून १ भाग सुटला. हे झाले २. मग सख्ख्या भावाला फोन केला, त्याचेही २ ठरले, आणि दोघांनी मिळून चार भागांची एक भेट दिली. पूर्ण ३ जमले नाहीत म्हणून ती आठवडाभर हळहळत होती. मी तिला विचारलं, "तो लग्न दोन महिने आधी करणार असता आणि मैत्रिणीचं नंतर असतं, तर तू त्याला तीन दिले असतेस. मग कमी पडलं ते प्रेम की तारीख?" ती काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

आकडा तोच ठेवून भेट मोठी कशी करायची

ठरलेला आकडा ही वरची मर्यादा आहे. त्याच्या आत काय घ्यायचं, याबद्दल एक गोष्ट मला अनेक वर्षं माहीत नव्हती. ख्रिस्तोफर शी या संशोधकांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना सांगितलं की मित्राने तुम्हाला ४५ डॉलरचा लोकरी मफलर दिला, आणि त्या दुकानात मफलर ५ ते ५० डॉलरपर्यंत मिळतात. दुसऱ्यांना सांगितलं की मित्राने ५५ डॉलरचा लोकरी कोट दिला, आणि तिथे कोट ५० ते ५०० डॉलरपर्यंत आहेत. देणारा जास्त उदार कोणाला वाटला? मफलर मिळालेल्यांना, त्याची किंमत कमी असूनही. आपण एकच वस्तू बघत असतो तेव्हा ती तिच्या जातीत कुठे बसते तेच डोळ्यांत भरतं.

याचा सरळ उपयोग असा: दोन भागांत महागड्या जातीतली सर्वांत स्वस्त वस्तू घेऊ नका, स्वस्त जातीतली उत्तम वस्तू घ्या. हलक्या घड्याळापेक्षा चांगलं पेन. पातळ चादरीपेक्षा एक दाट, मऊ टॉवेल. तिसऱ्या वर्तुळाच्या अर्ध्या भागात तर हेच तारतं, कारण एवढ्याशा रकमेतही कुठल्या तरी वस्तूचा उत्तम नग मिळतोच.

किंमत कमी दिसेल ही भीतीही बरीचशी आपल्याच बाजूची असते. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्ये दाखवलं, की महाग भेटीने समोरचा जास्त खूश होईल असं देणाऱ्यांना वाटतं, पण घेणाऱ्यांच्या आनंदाचा किमतीशी तसा संबंध आढळला नाही. साखरपुड्याच्या अंगठीबाबतही नाही. देणारा असताना आपण हे विसरतो. म्हणून आकडा वाढवावासा वाटला की मी स्वतःला मिळालेल्या भेटी आठवून बघते. त्यांच्या किमती मला माहीतच नसतात.

टोचणी तरीही आली तर

सगळं ठरवूनही कधी कधी आकडा वर सरकतो. तो कुठल्या विचारानंतर सरकला ते पकडा. मला बहुतेक वेळा एक गोष्ट सापडते: बऱ्याच दिवसांत मी त्या माणसाला फोन केलेला नसतो, किंवा त्याच्या अडचणीत गेलेली नसते. मग भेटीत मी दंड भरत असते. तपासायची रीत सोपी आहे. गेल्या आठवड्यात आपण याच्याशी तासभर गप्पा मारल्या असत्या तर आकडा किती असता, असं विचारा. तो कमी येत असेल, तर वरचा फरक वस्तूवर घालू नका. तो फोन आज करा आणि भेट ठरलेल्या आकड्यातच द्या. दंड भरून फोन न केल्याची रुखरुख जात नाही, उलट पुढच्या वर्षी दंड वाढतो.

दुसरी टोचणी परतफेडीची. कोणी अचानक मोठं काही दिलं की आपण मिंधे झाल्यासारखे वाटतो. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये लिहिलं होतं की देणं, घेणं आणि परत देणं ही तिन्ही माणसाला बंधनासारखी वाटतात. म्हणून ही भावना येणं स्वाभाविक आहे, ती आली म्हणून आपलं काही चुकलं असं नाही. पण त्याच आठवड्यात तेवढ्याच किमतीचं देऊन टाकणं म्हणजे हिशेब मिटवणं. समोरच्याला ते झिडकारल्यासारखं वाटू शकतं. मनापासून आभार माना, वस्तू वापरताना त्यांना कळवा, आणि त्यांचा पुढचा प्रसंग येईल तेव्हा तुमच्या वर्तुळाच्या आकड्यात द्या. त्यांचं देणं त्यांच्या ऐपतीतून आलं होतं, तुमचं तुमच्या. दर वर्षीच ही दरी पडत असेल आणि माणूस जवळचा असेल, तर स्पष्ट बोलावं: "दादा, तुम्ही फार मोठं देता, मला आवडतं, पण मला तेवढं जमत नाही. आपण लहानसंच देऊया का?"

तिसरी गोष्ट टोचणीपेक्षा धोक्याची खूण आहे. भेटीची किंमत तुम्ही घरच्यांपासून लपवली, किंवा देताना समोरच्याने किंमत विचारावी असं वाटलं, किंवा त्या माणसाचं पुढचं आमंत्रण आलं की पोटात गोळा आला, तर आकडा तुमच्या झेपेपलीकडचा होता. उलट बाजूचीही खूण आहे. पैसे होते, माणूस पहिल्या वर्तुळातला होता, आणि तरी तुम्ही घासाघीस करून स्वस्तातलं उचललं, तर त्या नात्यात काही तरी दुखतंय का ते बघा. तिथे टोचणी खरी असते आणि ती ऐकावी.

जोडीदारासोबत डबा सामाईक असेल तर वर्तुळं दोघांनी मिळून लावा, आणि दोन्हीकडच्या आई-वडिलांना एकच आकडा ठेवा. इतर वाद तडजोडीने सुटतात, पण इथला फरक वर्षानुवर्षं बोलून दाखवला जातो.

भेट देऊन झाली की वहीत दोन ओळी लिहा: किती गेले, आणि ती वस्तू पुढे वापरात दिसली का. मैत्रिणीच्या वहीत वर्षअखेरीची बेरीज २४ भरली. आईच्या नावापुढे २ भाग आणि "रोज वापरते" असं लिहिलेलं होतं. तिसऱ्या वर्तुळातल्या ज्या दोघांना पत्रं दिली होती, त्यांतल्या एका बाईंनी ते पत्र शाळेतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे.